बाळ आज कमी फिरतंय? सकाळची वाट पाहू नका

‘आत्याबाई, आज बाळ फिरलं म्हणावं असं नाही.’

‘अगं, दिवस भरत आले. आता जागा कुठं राहिली त्याला फिरायला? गोड चहा घे नि पड जरा. सकाळी बघू.’

केमच्या वस्तीत, करमाळ्यात किंवा कुर्डुवाडीत, कोणत्याही घरात रात्री नऊ-दहाच्या सुमारास हे बोलणे ऐकू येऊ शकते. सासू वाईट हेतूने बोलत नाही. तिला तिच्या सासूने हेच सांगितलेले असते. पण या बोलण्यात तीन चुका आहेत. शेवटच्या महिन्यांत बाळाला जागा उरत नाही म्हणून ते फिरणे कमी करते, ही पहिली. गोड खाल्ले की ते फिरू लागते, तोवर थांबावे, ही दुसरी. आणि सकाळी बघू, ही तिसरी व सगळ्यांत महाग पडणारी.

भगिनींनो, पोटातले बाळ बोलू शकत नाही. त्याची तब्येत कशी आहे हे आईला घरात बसून कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे त्याचे फिरणे. म्हणून ते कसे पाहायचे, कसे मोजायचे आणि कोणत्या वेळी मोजणे सोडून सरळ दवाखाना गाठायचा, एवढेच या वेळी पाहू.

बाळ फिरणे का कमी करते?

बाळाला प्राणवायू आणि अन्न मिळते ते वारेतून. वार म्हणजे प्रसूतीनंतर बाहेर पडणारा तो मांसल भाग, ज्याला नाळ जोडलेली असते. आईचा रक्तदाब वाढला, साखर वाढली, अंगात रक्त फारच कमी असले, ताप-जंतुसंसर्ग झाला किंवा वारच नीट वाढलेली नसली, तर बाळाला मिळणारा पुरवठा आटतो. आपल्या घरात दाणे कमी पडले की आपण हात राखून वापरतो, तसेच बाळ करते. मेंदू आणि हृदय चालू ठेवायचे म्हणून ते हातपाय हलवणे कमी करते. हृदयाचे ठोके मात्र चालूच राहतात. म्हणजे फिरणे कमी होणे ही बाळाने आधी दिलेली सूचना असते. ती मिळाल्यापासून बाळाचे प्राण जाईपर्यंत काही वेळा तास, काही वेळा एक-दोन दिवस हातात असतात. तेवढाच वेळ आपला.

इथे मिश्रीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्या भागात दात घासण्याच्या नावाखाली मिश्री लावणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याचा धोका न वापरणाऱ्यांपेक्षा सुमारे अडीच पट आढळला. तंबाखूचा परिणाम वारेवर होतो, आणि वारेचा बाळावर. म्हणून मिश्री लावणाऱ्या बाईने ती सोडावीच, पण सुटेपर्यंत बाळाच्या फिरण्याकडे दुप्पट लक्ष ठेवावे.

फिरणे कमी झाले म्हणजे बाळ धोक्यातच आहे, असे मात्र नाही. एकदा कमी फिरल्याची तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक बायकांची तपासणी चांगली निघते आणि बाळे सुखरूप जन्मतात. पण आपण कोणत्या बाजूच्या, हे घरात बसून ठरवता येत नाही.

आपल्या बाळाची रीत ओळखा

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण पाचव्या महिन्यात कळू लागते, आधी बाळंत झालेल्या बाईला त्याहून थोडी लवकर. सुरुवातीला पोटात फुलपाखरू फडफडल्यासारखे वाटते. २४ आठवडे होऊनही काहीच जाणवले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे हालचाल बोथट लागते. सोनोग्राफीच्या कागदावर वार कुठे आहे हे लिहिलेले असते, ते विचारून घ्यावे. पण सातव्या महिन्यानंतर ‘वार पुढे आहे म्हणून कळत नसेल’ असे म्हणून गप्प बसू नये.

२८ आठवडे झाले, म्हणजे सातव्या महिन्याच्या मध्यावर आलो, की बाळाची एक रीत बसते. कोणते बाळ संध्याकाळी जेवणानंतर धिंगाणा घालते, कोणते पहाटे आईला उठवते. दुपारनंतर आणि रात्री बाळे बहुधा जास्त फिरतात. मधून मधून ते झोपते. ही झोप साधारण २० ते ४० मिनिटांची असते, दीड तासापेक्षा जास्त क्वचितच.

साधारण ३२ आठवड्यांपर्यंत हालचाल वाढत जाते आणि मग तेवढीच राहते. हे नीट लक्षात ठेवावे, कारण घरातली सगळी गल्लत इथेच होते. नवव्या महिन्यात बाळ मोठे झाल्याने हालचालीची जात बदलते. लाथेपेक्षा वळणे, सरकणे, बरगडीखाली ढुशी देणे जास्त जाणवते. पण हालचाल कमी होत नाही. कळा सुरू व्हायच्या आधी बाळ शांत होते, हेही खरे नाही. ते कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येही फिरत असते.

तुझी जाऊ म्हणते, माझे बाळ दिवसभर फिरायचे. शेजारीण म्हणते, माझे तर फारच शांत होते. दोघींची बाळे चांगली असू शकतात. तुलना शेजारणीच्या बाळाशी करायची नाही. तुझ्याच बाळाच्या कालच्या नि परवाच्या फिरण्याशी करायची.

आणखी एक अडचण असते ती कामाची. शेतात खुरपायला, कुंकवाच्या कामाला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला दिवसभर हालचाल कळतच नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत संध्याकाळभर चालताना बाळ फिरले तरी लक्ष जात नाही. चालताना बाळाला झोके बसतात नि ते झोपतेही. म्हणून ‘आज फिरलं नाही’ असे वाटले की पहिला प्रश्न हा, की बाळ फिरले नाही, की आपले लक्ष नव्हते? त्याचे उत्तर मोजण्याने मिळते.

मोजायचे कसे?

त्यासाठी लागते ते घड्याळ, वही आणि पेन. रोज एकच वेळ धरावी, जेव्हा आपले बाळ बहुधा जागे असते ती. बऱ्याच जणींना रात्रीच्या जेवणानंतरची वेळ सोयीची पडते, कारण तोवर कामे आटोपलेली असतात. जी बाई पौर्णिमेला अष्टशील पाळून दुपारनंतर जेवत नाही, तिने गरोदरपणात तरी संध्याकाळी उपाशी राहू नये.

लघवीला जाऊन यावे. डाव्या कुशीवर पडावे, किंवा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसावे. उताणे पडून मोजू नये. उताणे पडल्यावर पोटाचा भार पाठीलगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि बाळाकडचे रक्त कमी होते. मोबाइल बाजूला ठेवावा, टीव्ही बंद करावा, हात पोटावर ठेवावा.

पहिली हालचाल जाणवली की घड्याळ पाहून वेळ लिहावी. मग प्रत्येक हालचालीला वहीत एक रेघ ओढावी. लाथ, ढुशी, वळणे, सरकणे, हे सगळे धरावे. एकामागून एक चार लाथा लागोपाठ बसल्या आणि मग बाळ थांबले, तर ती एकच हालचाल समजावी. उचकी मात्र धरू नये. उचकी ठेक्यात येते, टक-टक-टक अशी, आणि बाळ ती मनाने घेत नाही. दहावी रेघ झाली की पुन्हा वेळ पाहावी आणि किती मिनिटे लागली ते लिहावे. झाले, त्या दिवसाचे काम संपले.

चांगल्या बाळाच्या दहा हालचाली बहुधा अर्ध्या-पाऊण तासात होतात. जास्तीत जास्त मर्यादा दोन तासांची. पडल्यापासून दोन तास झाले आणि दहा झाल्या नाहीत, तर मोजणे थांबवून दवाखान्याला निघायचे. पहिली हालचालच आली नाही म्हणून घड्याळ लावले नाही, अशी पळवाट नको. आडवे झाल्यापासूनच दोन तास धरायचे.

काही दवाखान्यांत वेगळी रीत सांगतात. सकाळ, दुपार, रात्री जेवणानंतर एकेक तास मोजा, तिन्हींची बेरीज करून चारने गुणा, बारा तासांचा आकडा निघतो, तो दहाच्या खाली नको. काही ठिकाणी सकाळी उठल्यापासून बारा तासांत दहा मोजायला सांगतात. बारा तासांची ही रीत १९७०च्या दशकात विलायतेतल्या कार्डिफ शहरातून आली. आपल्या डॉक्टरांनी जी रीत सांगितली असेल ती पाळावी. पण एक विचार करा. जे बाळ रोज वीस मिनिटांत दहा वेळा फिरते, ते आज बारा तासांत दहा वेळा फिरले, तर आकडा पुरा झाला तरी बाळ ठीक आहे का? नाही. म्हणून रीत कोणतीही असो, आकड्याच्या आधी आपल्या बाळाची सवय बघावी.

२८ आठवड्यांच्या आत ही मोजणी करू नये, कारण तेव्हा रीत बसलेली नसते. त्याआधी फिरणे कमी वाटले तर न मोजता दाखवावे.

वहीतला एक आठवडा

मोजणीचा खरा उपयोग कसा होतो, हे एका वहीवरून पाहू. ही बाई आणि हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण दवाखान्यात येणाऱ्या अशा वह्यांचे चित्र साधारण असेच असते.

समजा, केममधली एक ताई. पहिलटकरीण, ३५ आठवडे, म्हणजे नववा महिना नुकताच लागलेला. रात्री साडेआठला जेवते आणि नऊ वाजता डाव्या कुशीवर पडते. तिच्या वहीत दहा हालचालींना लागलेला वेळ असा:

सोमवार – २० मिनिटे
मंगळवार – २५ मिनिटे
बुधवार – १८ मिनिटे
गुरुवार – २२ मिनिटे
शुक्रवार – ३० मिनिटे
शनिवार – ५५ मिनिटे
रविवार – दोन तासांत ६

पहिले चार दिवस बघा. या बाळाची सवय वीस-पंचवीस मिनिटांची आहे. शुक्रवारचे तीस थोडे जास्त, पण तेवढे चालते. शनिवारी मात्र वेळ दुपटीच्या वर गेला. दोन तासांच्या आत दहा झाले म्हणून ताई निश्चिंत झोपली. इथे चूक झाली. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, हालचाली मवाळ वाटल्या, तर त्याच वेळी आशाताईंना किंवा दवाखान्यात फोन करायचा आणि त्या दिवशीच तपासून घ्यायचे. वही रोज लिहिण्याचे कारणच हे आहे. एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही, आठवड्याच्या ओळी एकाखाली एक पाहिल्या की लगेच कळते.

रविवारी रात्री अकरा वाजता सहाच रेघा होत्या. आता कोणी म्हणेल, अजून एक तास बघू. कोणी म्हणेल, साखरपाणी दे, पोट हलवून बघ. कोणी म्हणेल, पहाटेच्या गाडीने सोलापूरला जा. या तिन्ही गोष्टींत रात्र जाते. गोड खाल्ल्याने आटलेली वार सुधारत नाही. पोटाला धक्का दिल्यावर बाळ एकदा हलले, तरी त्याचा पुरवठा पूर्ववत झाला असे होत नाही.

तिच्या नवऱ्याने आशाताईंना फोन केला आणि १०८ ला लावला. फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या. ‘पस्तीस आठवडे. बाळ दोन तासांत सहाच वेळा फिरलं. घर अमुक ठिकाणी, विहाराजवळ.’ गरोदर मातेसाठी १०२ ची गाडीही असते. गाडी येईपर्यंत ताई डाव्या कुशीवर पडून राहिली. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे रिपोर्ट आणि ती वही, एवढे पिशवीत घातले.

पहिल्या दवाखान्यात रक्तदाब १५० वर १०० निघाला आणि लघवीत प्रथिने. आठवड्यापूर्वी पायाला आलेली सूज तिने ‘गरोदरपणात येतेच’ म्हणून सोडून दिली होती. टेपने पोटाची उंची मोजली, ती ३० सेंटीमीटर भरली. या काळात सेंटीमीटर साधारण आठवड्यांइतके असतात. ३५ आठवड्यांना ३० म्हणजे बाळ वाढीत मागे पडलेले. ठोके १३८, म्हणजे ११० ते १६० च्या आत, ठीक. इथेच पुष्कळ जणींना ‘ठोके छान आहेत, घरी जा’ असे सांगितले जाते. पण हिची तपासणी इथे थांबली नाही. पुढची तपासणी एनएसटीची, आणि तिच्यात ठोके सपाट आले, बाळ हलले तरी ते वाढेनात. रक्तदाबाचे औषध देऊन तिला सोलापूरला पाठवले. तिथल्या सोनोग्राफीत बाळ लहान आणि गर्भजल कमी दिसले. पहाटे सिझेरियन झाले. बाळ १८०० ग्रॅमचे, जन्मताच रडले. काही दिवस नवजात शिशू कक्षात राहिले, मग आईच्या छातीशी उबेला. तीच ताई सकाळी बघू म्हणाली असती तर काय झाले असते, हे कोणी नक्की सांगू शकत नाही. पण तिच्या बाळाजवळ जास्त वेळ नव्हता, एवढे त्या कागदांवरून दिसते.

दवाखान्यात काय करून घ्यायचे?

त्या ताईच्या कागदांवरून तपासणीचा क्रम कळतो. आधी आईचा रक्तदाब, लघवी, सूज, ताप. मग पोटाची उंची. मग बाळाचे ठोके.

ठोके ऐकू आले म्हणजे बाळ जिवंत आहे, एवढेच कळते. ते बरे आहे का, हे त्यावरून कळत नाही. पुरवठा आटलेल्या बाळाचे ठोकेही बराच वेळ ऐकू येतात. म्हणून २८ आठवड्यांनंतर हालचाल कमी असेल तर एनएसटी लागते. यात पोटावर दोन पट्टे बांधतात आणि निदान वीस मिनिटे ठोक्यांचा आलेख कागदावर काढतात. बाळ हलले की चांगल्या बाळाचे ठोके थोडे वाढतात, जसे आपण जिना चढलो की आपले वाढतात. वीस मिनिटांत निदान दोनदा, साधारण १५ ठोक्यांनी आणि १५ सेकंद तरी वाढले, की आलेख चांगला. बाळ झोपलेले असू शकते, म्हणून आलेख ठीक नसेल तर चाळीस मिनिटांपर्यंत चालू ठेवतात. हा कागद इंजेक्शनसारखा टोचत नाही आणि बाळाला त्याने त्रास होत नाही.

आलेख चांगला असूनही बाळ कमीच फिरत असेल, पोट लहान असेल किंवा रक्तदाब वगैरे असेल, तर सोनोग्राफी करून बाळाची वाढ, गर्भजल आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहतात. त्यावरून डॉक्टर ठरवतात, की घरी पाठवायचे, पुन्हा बोलवायचे, की बाळंतपण करायचे.

आपल्या जवळच्या उपकेंद्रात किंवा लहान दवाखान्यात हे यंत्र नसेल, तर ‘इथे एनएसटी होते का? नसेल तर कुठे पाठवता?’ हा प्रश्न स्पष्ट विचारावा. विचारायला लाजू नये. करमाळ्याच्या किंवा कुर्डुवाडीच्या सरकारी दवाखान्यातून पुढे सोलापूरच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात पाठवायची वेळ आली, तर सरकारी गाडी मागावी. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदर मातेला तपासण्या, सोनोग्राफी, औषधे, रक्त, बाळंतपण, सिझेरियन आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणारी गाडी, हे सगळे मोफत आहे. पैसे नाहीत म्हणून रात्र काढण्याची गरज नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. तुमच्या माता व बाल संरक्षण कार्डावर दर तपासणीच्या वेळी गर्भाच्या हालचालीची नोंद करण्यासाठी एक रकाना आहे. सामान्य, कमी की नाही, असे त्यात लिहायचे असते. दर महिन्याच्या ९ तारखेच्या तपासणीला जाल तेव्हा तो रकाना दाखवून सांगावे, ‘बाळ रोज वीस-पंचवीस मिनिटांत दहा वेळा फिरतंय.’ म्हणजे तुमच्या बाळाची रीत कागदावर येते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाताना ते कार्ड आणि वही सोबत न्यावी. नव्या गावातल्या नर्सबाईंना तुमचे बाळ ठाऊक नसते, वहीला ठाऊक असते.

मोजणीची मर्यादा

मोजले म्हणजे बाळ वाचलेच, असे मात्र नाही. विलायतेसह काही देशांत सुमारे ६८ हजार स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना रोज मोजायला सांगितले, निम्म्यांना नेहमीसारखे ठेवले. दोन्ही गटांत बाळे दगावण्याचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. नुसता आकडा लिहून काही होत नाही, हे त्यातून दिसले.

नॉर्वेत वेगळे केले. १४ दवाखान्यांनी गरोदर स्त्रियांना हालचालीबद्दल छापील माहिती दिली आणि स्वतःसाठीही नियम घातला. हालचाल अजिबात नाही म्हणणारीला दोन तासांत तपासायचे, कमी आहे म्हणणारीला त्याच दिवशी, आणि सोनोग्राफीही करायची. त्यानंतर कमी हालचालीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण दर शंभरी ४.२ वरून २.४ वर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे बाईला वेळेवर कळले पाहिजे, आणि कळल्यावर दवाखान्याने लगेच नीट तपासले पाहिजे. वही ही पहिली पायरी. दुसरी पायरी चढलीच नाही, तर पहिलीचा उपयोग नाही.

मोजण्याने काहींना घोरही लागतो. दिवसातून दहा वेळा मोजू नये. एकदा मोजावे आणि बाकी दिवस बाळाकडे सहज लक्ष असू द्यावे. आणि दहा पुरे झाले तरी मनाला ‘आज काहीतरी वेगळे आहे’ असे वाटले, तर आकडा बाजूला ठेवून दाखवून यावे.

कधी कळवायचे? हे कात्रण कार्डासोबत ठेवा

• बाळ अजिबात फिरत नाही: मोजत बसू नका. लगेच निघा.

• दोन तासांत दहाच्या आत हालचाली: त्याच वेळी निघा, रात्र असली तरी.

• दहा झाल्या, पण नेहमीच्या दुप्पट वेळ लागला किंवा हालचाली मवाळ झाल्या: त्याच दिवशी दाखवा.

• बाळ एकदम फार जोरात उसळले आणि मग शांत झाले: त्याच दिवशी दाखवा.

• रक्त जाणे, पाणी जाणे, सतत पोटदुखी, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, ताप: मोजू नका, निघा.

• तपासून घरी पाठवले आणि पुन्हा कमी वाटले: पुन्हा जा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही. वारंवार कमी फिरणाऱ्या बाळाला एकदा कमी फिरलेल्या बाळापेक्षा धोका जास्त असतो. ‘परवाच तर येऊन गेलो, काय म्हणतील’ असे म्हणून थांबू नका.

• २४ आठवडे झाले तरी हालचाल नाही: येत्या तपासणीची वाट न पाहता दाखवा.

गाडीसाठी १०८ किंवा १०२.

घरातल्या आत्याबाईंना, नणंदेला आणि नवऱ्याला हा भाग वाचून दाखवा. सून ‘बाळ कमी फिरतंय’ म्हणाली, तर घरातून दोनच प्रश्न यायला हवेत. ‘किती वेळात किती झाल्या?’ आणि ‘गाडीला फोन लावू का?’